क्लिनिकल रिसर्चमध्ये एकही ओळख नाही, मग सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: मी ३४ वर्षांची आहे, बी.फार्म. झालंय. नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलची फार्मसी नऊ वर्षं सांभाळतेय. आता क्लिनिकल रिसर्चमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून जायचंय. पोर्टलवर साठ-सत्तर अर्ज टाकले, एकही फोन नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, नेटवर्किंग करा. पण त्या क्षेत्रातलं एकही माणूस माझ्या ओळखीचं नाही. नेमकं कुणाला आणि काय विचारायचं?

उत्तर: आधी पोर्टल गप्प का आहे ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कोऑर्डिनेटरची, म्हणजे सी.आर.सी.ची जागा बहुतेक वेळा कुणीतरी सोडून गेल्यामुळे निघते. दोन-तीन वर्षं साइटवर, म्हणजे चाचणी चालते त्या हॉस्पिटलात, काढली की मंडळी सी.आर.ए. होऊन मॉनिटरिंगला, म्हणजे साइटचं काम तपासायला, जातात, कुणाचं लग्न होऊन गाव बदलतं, कुणाला दुसरीकडे चार पैसे जास्त मिळतात. चाचणी मात्र कुणासाठी थांबत नाही. मंगळवारी पेशंटची व्हिजिट आहे म्हणजे आहे. प्रोटोकॉलने, म्हणजे चाचणीच्या ठरलेल्या आराखड्याने, दिलेल्या दिवसांत ती झाली नाही तर डेव्हिएशन लागतं आणि त्याचा खुलासा डॉक्टरांना करावा लागतो. म्हणून जाणाऱ्याने राजीनामा टाकला की त्याच संध्याकाळी त्याला विचारतात, "तुझ्या ओळखीचं कुणी आहे का रे?" तो एक-दोन नावं सांगतो आणि बऱ्याचदा त्यातलंच एक लागतं. पोर्टलवर जी जाहिरात चढते ती या नावांतून काम झालं नाही म्हणून चढते, आणि तिथे 'किमान एक वर्षाचा अनुभव' अशी अट असतेच. तुमचे साठ-सत्तर अर्ज त्या अटीपाशी अडकलेत. नऊ वर्षांच्या फार्मसीत काही कमी आहे असा त्याचा अर्थ नाही.

म्हणजे तुम्हाला गाठायचंय ते एवढंच: त्या संध्याकाळी जी नावं निघतात त्यांत तुमचं नाव निघायला हवं. त्यासाठी कंपनीचे डायरेक्टर ओळखीचे असावे लागत नाहीत. तुमच्याहून एक-दोन पायऱ्या पुढे असलेली, आज साइटवर फायली घेऊन बसलेली आठ-दहा माणसं पुरतात. एच.आर.च्या लोकांना पन्नास विनंत्या पाठवण्यात वेळ घालवू नका. रिकामी जागा त्यांना कळते तेव्हा ती साइटवर सगळ्यांना माहीत झालेली असते.

ही माणसं शोधायची कशी? इथे तुमचं नशीब चांगलं आहे. आपल्या क्षेत्राइतका उघडा पत्ता बाकी कुठल्या धंद्यात क्वचितच मिळतो. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे आय.सी.एम.आर.ची सी.टी.आर.आय., २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून तिथे चाचणीची नोंद बंधनकारक झाली. ctri.nic.in वर कुणीही, लॉगिन न करता, कोणती चाचणी कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे ते वाचू शकतं. एका रविवारी दुपारी लॅपटॉप आणि वही घेऊन बसा. Trial Search मध्ये 'Nashik' टाका, मग वेगवेगळ्या आजारांची नावं टाकून पाहा. कर्करोगाच्या चाचण्यांत नाशिकची हॉस्पिटलं तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसतील.

नोंद उघडली की ती वरून खाली लांबलचक असते. तिच्यातल्या चारच गोष्टींकडे बघा. पहिली, Post Graduate Thesis. तिथे Yes असेल तर तो एम.डी.सारख्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध आहे. सगळं काम तो विद्यार्थी स्वतःच करतो, पगारी कोऑर्डिनेटर तिथे नसतो. ती नोंद सोडून द्या. निम्मी गर्दी इथेच हटेल. दुसरी, Primary Sponsor. तिथे औषध कंपनी असेल तर साइटवर कोऑर्डिनेटर असणार हे जवळपास धरून चाला. तिसरी, Sites of Study. इथे डॉक्टरांचं नाव, हॉस्पिटल आणि शहर मिळतं. चौथी, Recruitment Status of Trial (India). तिथे Not Yet Recruiting किंवा Open to Recruitment असेल तर ती साइट आत्ता जिवंत आहे, किंवा लवकरच होणार आहे. Not Yet Recruiting वर खास खूण करा. तिथे माणसं लागायची आहेत.

हे सगळं वहीत उतरवलं की एक गंमत दिसते. नोंदी कितीही निघाल्या तरी हॉस्पिटलं तीन-चारच असतात. तीच तीच नावं फिरून येतात, कारण कंपन्या एकदा चांगला डेटा दिलेल्या साइटकडेच परत जातात. हा झाला तुमचा नकाशा. वरवर परकं वाटणारं क्षेत्र तुमच्या शहरात प्रत्यक्षात तीन-चार इमारती आणि वीस-पंचवीस माणसं एवढंच असतं.

आता इथली एक चूक, जी मी स्वतः केली. मी सोलापूरला एका रक्तपेढीत टेक्निशियन होतो. २०१० मध्ये मला ही रजिस्ट्री कळली आणि हर्षवायूच झाला, कारण नोंदीत Details of Contact Person म्हणून चक्क फोन नंबर असतात. मी एक नंबर फिरवला. पलीकडे मोठे डॉक्टर, ओ.पी.डी. भरलेली. त्यांना वाटलं पेशंटचा नातेवाईक बोलतोय. त्यांनी आपुलकीने विचारलं, "पेशंटला काय होतंय?" मी म्हणालो, "सर, व्हेकन्सी आहे का?" फोन ठेवल्याचा आवाज आजही आठवतो. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तो नंबर चाचणीत भाग घेऊ पाहणाऱ्यांसाठी आणि शास्त्रीय शंकांसाठी असतो. नोकरीसाठी तो वापरायचा नाही. रजिस्ट्रीतून इमारत शोधायची, माणूस दुसरीकडून.

दुसरीकडून म्हणजे दोन वाटा आहेत. पहिली लिंक्डइन. तिथे 'Clinical Research Coordinator' आणि शहर टाकून शोधा. जे दिसतील त्यांच्या नावाखाली बहुधा हॉस्पिटलचं नाव नसून भलत्याच कंपनीचं नाव असेल. तीच एस.एम.ओ., म्हणजे साइट मॅनेजमेंट ऑर्गनायझेशन. हॉस्पिटलात बसणारे बरेच कोऑर्डिनेटर तिच्या पगारावर असतात. तुमच्या शहरात कोणत्या एस.एम.ओ. काम करतात हे असं उलट्या बाजूने कळतं, आणि उद्या अर्ज करायचाच झाला तर तो हॉस्पिटलच्या ऑफिसात न करता तिकडे करायचा हेही. मग तुमच्या फार्मसी कॉलेजच्या पानावर जाऊन Alumni मध्ये 'clinical research' शोधा. तुमच्या कॉलेजचे, आधी कुठेतरी काउंटरवर बसलेले आणि आता सी.आर.सी. असलेले दोघे-तिघे निघाले तर त्यांना यादीत सगळ्यात वर ठेवा. ज्या दाराने तुम्हाला आत जायचंय त्याच दाराने ते गेलेत, आणि ते दार कुठे अडतं हे त्यांना ताजं आठवत असतं.

दुसरी वाट तुमच्या काउंटरसमोर रोज उभी असते आणि तुम्ही ती मोजतच नाही. एम.आर.! ऑन्को किंवा डायबेटिसची लाइन असलेला एम.आर. शहरातल्या प्रत्येक मोठ्या डॉक्टरच्या केबिनबाहेर बसलेला असतो. कोणत्या डॉक्टरांकडे 'रिसर्चवाली मॅडम' बसते, तिचं नाव काय, हे त्याला पाठ असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं होतं की ज्याच्याकडून खबर मिळाली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता. वारंवार भेटणाऱ्याकडून मिळाली असं सांगणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळालेले ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. कारण साधं आहे. जवळची माणसं तुमच्याच वर्तुळात फिरतात, त्यांना माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं. महिन्यातून दोनदा येणारा एम.आर., जुना स्टॉकिस्ट, तुमच्याकडून दुसऱ्या हॉस्पिटलात गेलेली सिस्टर ही माणसं वेगळ्या वर्तुळातली असतात. त्यांना एवढंच विचारा: "सर, तुमच्या डॉक्टरांपैकी कुणाकडे ट्रायल चालतात? तिथे कोऑर्डिनेटर कोण आहे?" आठवडाभर विचारा. नावं येतील.

फक्त एक सांभाळा. तुम्ही नोकरी बदलायच्या विचारात आहात हे एम.आर.ला सांगितलं की ते संध्याकाळपर्यंत तुमच्या मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या कानावर जाऊ शकतं. "मला ट्रायलच्या औषधांचं काम समजून घ्यायचंय," एवढंच बोला. ते खोटंही नाही.

आता पहिला मेसेज. माझ्याकडे येणारे बहुतेक मेसेज असे असतात: 'रिस्पेक्टेड सर, मी फ्रेशर आहे, क्लिनिकल रिसर्चमध्ये आवड आहे, कृपया गाइड करा, सी.व्ही. जोडला आहे.' याला उत्तर काय द्यायचं तेच कळत नाही. गाइड म्हणजे काय करू? म्हणून तो मेसेज तसाच राहतो. पाठवणाऱ्याला वाटतं माणूस माजलाय. प्रत्यक्षात त्याने मला काम लावलं आणि काम काय ते सांगितलंच नाही.

तुमच्या बाबतीत मी असा लिहीन:

'नमस्कार मॅडम. मी नाशिकमध्ये नऊ वर्षं हॉस्पिटल फार्मसिस्ट आहे. कोल्ड चेन आणि नार्कोटिक्सचं रजिस्टर माझ्याकडे असतं. तुम्हीही फार्मसीतून सी.आर.सी. झालात हे प्रोफाइलवर पाहिलं. साइटवर ट्रायलच्या औषधाचा हिशोब प्रत्यक्षात कसा ठेवतात, याबद्दल तुमच्याशी पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? नोकरीची विनंती नाही. शनिवारी दुपारी किंवा तुम्हाला सोयीच्या वेळी.'

यात सी.व्ही. नाही आणि 'कृपया मार्गदर्शन' नाही. एक नेमका प्रश्न आहे, आणि तो त्यांना झोपेतही सांगता येईल असा आहे. नाव मराठी दिसलं तर बेलाशक मराठीत लिहा. लिंक्डइनच्या मोफत खात्यावर विनंतीसोबत मजकूर जोडायला जागा थोडी असते आणि तशा विनंत्याही मोजक्याच करता येतात. म्हणून यादीतल्या वरच्या माणसांसाठीच त्या राखा, आणि मजकूर लांब झाला तर नमस्कारानंतरचं पहिलं आणि चौथं-पाचवं वाक्य ठेवून बाकी काढा. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा. तेवढंच. कोऑर्डिनेटरकडे मॉनिटर दोन दिवस येऊन बसला असेल तर तिला जेवायला वेळ नसतो. तुमचा मेसेज तिने पाहिला असेल आणि विसरलीही असेल.

फोन लागला की 'या फील्डला स्कोप कसा आहे' हे विचारू नका. त्याचं उत्तर सगळ्यांचं एकच असतं, 'स्कोप चांगला आहे, मेहनत पाहिजे', आणि तिथे बोलणं संपतं. "मॅडम, कालचा दिवस तुमचा कसा गेला? सकाळी आल्यापासून सांगाल का?" असं विचारा. मग बघा. पेशंटची संमती घेताना काय झालं, रक्ताचे नमुने कुरियरच्या वेळेत कसे गेले, डेटा एंट्रीवर किती क्वेऱ्या आल्या, सगळं बाहेर येतं. त्यातून तुम्हाला काम कळतं, आणि त्यांना कळतं की समोरच्या बाईला कामाबद्दल ऐकायचंय.

मग तुमचा हुकमी विषय काढा: ट्रायलचं औषध, ज्याला साइटवर सगळे आय.पी. म्हणतात. हा हिशोब कसा असतो ते इथे एकदा दाखवतो, म्हणजे फोनवर तुम्ही कोऱ्या नसाल. समजा पेशंटला दिवसाला दोन गोळ्या, ३० दिवस. लागणार ६० गोळ्या, पण व्हिजिट एक-दोन दिवस पुढे सरकली तर कमी पडू नयेत म्हणून ७० दिल्या. पेशंट बरोबर तिसाव्या दिवशी आला आणि बाटलीत १४ परत आल्या. म्हणजे ५६ घेतल्या. ५६ भागिले ६०, साधारण ९३ टक्के. बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये ८० ते १२० टक्के चालतं, म्हणजे हा पेशंट बसला. पण कोऑर्डिनेटरचं काम इथे संपत नाही. चार गोळ्या का राहिल्या? उलट्या झाल्या म्हणून दोन दिवस बंद केल्या असतील तर ती अॅडव्हर्स इव्हेंट आहे आणि ती वेगळी नोंदवायला हवी. रिकामी बाटलीसुद्धा फेकायची नसते, मॉनिटर येऊन मोजेपर्यंत ती जपून ठेवायची असते. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे नार्कोटिक्सच्या रिकाम्या अँप्युल्सचं असंच करतो," की पलीकडच्या बाईच्या डोक्यात तुमची जागा ठरली. ही फ्रेशर नाही. हिला आय.पी. देता येईल. त्या संध्याकाळी नाव निघतं ते अशा आठवणीतून.

काही गोष्टी मात्र चुकूनही विचारू नका. चालू चाचणीचा प्रोटोकॉल 'वाचायला' मागणं, औषधाचं नाव खोदून विचारणं, पेशंट किती लागले ते विचारणं. ती मंडळी गोपनीयतेच्या करारावर सह्या करून बसलेली असतात. तुम्ही सहज विचारलं तरी समोरच्याला वाटतं, हिला आत घेतली तर ही बाहेर बोलेल. ती ओळख तिथे मिटली.

फोन संपताना एकच मागणं: "याबद्दल आणखी कुणाशी बोललेलं बरं, असं तुम्हाला वाटतं?" नोकरीचं नाव नाही. बरेच जण एक नाव देतात, आणि 'अमुक मॅडमनी तुमचं नाव सुचवलं' या वाक्याने सुरू झालेला पुढचा मेसेज सहसा अनुत्तरित राहत नाही.

यानंतरचा टप्पा बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते खरं काम तिथेच होतं. फोनवर त्या काहीतरी सुचवतातच. जी.सी.पी.चा, म्हणजे चाचणी कशी करायची त्या नियमावलीचा, कोर्स कर, अमुक वाच, असं काही. ते तीन आठवड्यांत करा आणि कळवा. 'मॅडम, तुम्ही म्हणालात तसं जी.सी.पी. पूर्ण केलं. त्यात सोर्स डॉक्युमेंटचा भाग वाचताना तुम्ही सांगितलेलं आठवलं.' दोन ओळी पुरेत. सल्ला देणाऱ्याला आयुष्यात सहसा कुणी परत येऊन सांगत नाही की मी ते केलं. म्हणून जो सांगतो तो लक्षात राहतो. दिवाळीच्या शुभेच्छा आणि रोजच्या गुड मॉर्निंगने हे होत नाही, उलट नंबर म्यूट होतो.

एक उदाहरण देतो. कोल्हापूरची एक स्टाफ नर्स, तिला आपण स्वाती म्हणू, आय.सी.यू.त सात वर्षं. तिच्या वहीत सुरुवातीला चौदा नावं होती. पहिल्या महिन्यात तिने अकरा जणांना लिहिलं. सहा गप्प राहिले, दोघांनी 'नंतर बोलू' म्हणून टाळलं, तिघांशी फोन झाला. त्यातला एक फोन सात मिनिटांत संपला, कारण समोरचा गाडी चालवत होता. दुसऱ्या महिन्यात तिघांपैकी दोघांना तिने जी.सी.पी. झाल्याचं कळवलं. त्यातल्या एकीने पुण्याच्या आपल्या जुन्या सहकाऱ्याचं नाव दिलं. त्याच्याशी बोलताना स्वातीने आय.सी.यू.त सीरियस पेशंटच्या वेळा मिनिटागणिक कशा लिहितात ते सांगितलं. त्याला ते पटलं, कारण गंभीर प्रतिकूल घटना घडली की चोवीस तासांत कळवायची असते आणि वेळ नीट लिहिलेली नसेल तर पुढे सगळीच पंचाईत होते. पण त्याच्याकडे जागा नव्हती. तिसरा महिना कोरडा गेला. स्वातीने मला फोन करून सांगितलं की हे सगळं फुकट आहे. चौथ्या महिन्यात त्या सहकाऱ्याच्या शेजारच्या साइटवरची कोऑर्डिनेटर अचानक सोडून गेली आणि कुणीतरी त्याला विचारलं. त्याला स्वातीचं नाव आठवलं. स्वाती ज्या साइटवर लागली तिथल्या कुणाशीही ती आधी बोललेली नव्हती.

हा हिशोब नीट बघा. चौदा नावं, तीन फोन, एक पुढचं नाव, आणि नोकरी त्याच्याही पलीकडून. दोन महिन्यांत पाच-सहा खरी संभाषणं झाली तर गाडी रुळावर आहे. वीसेक मेसेजनंतरही एक फोन होत नसेल तर मेसेजमध्ये खोट आहे, बहुधा त्यात प्रश्नच नसतो. फोन होतायत पण पुढचं नाव कुणीच देत नाही, असं असेल तर फोनवर तुम्ही आपलीच कहाणी सांगत बसताय.

तुमच्या हातात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी कुणाला मेसेजही करावा लागत नाही. औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया, म्हणजे ए.डी.आर., तुम्ही फार्मसिस्ट म्हणून स्वतः कळवू शकता. देशाचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि मेडिकल कॉलेजांमध्ये, बहुधा फार्माकॉलॉजी विभागात, त्याची ए.डी.आर. मॉनिटरिंग सेंटर्स आहेत. तुमच्या वॉर्डात कुणाला अँटिबायोटिकने अंगभर पुरळ आलं, तर सिस्टरकडून माहिती घेऊन तो फॉर्म भरा. रुग्णाची आद्याक्षरं, काय झालं आणि कधी, कोणत्या औषधाचा संशय आहे, कळवणारे कोण, एवढं नीट हवं. पण आधी तुमच्या डॉक्टरांना आणि सुपरिंटेंडेंटना सांगून करा, चोरून नको. जवळच्या सेंटरला दोन-तीन स्वच्छ भरलेले फॉर्म गेले की तिथल्या असोसिएटचा शंका विचारायला फोन येऊ शकतो. ही ओळख तुम्ही मागितलेली नसते, कामातून झालेली असते. शिवाय 'क्लिनिकल रिसर्चमध्ये आवड आहे' याऐवजी सी.व्ही.वर लिहायला एक खरी ओळ मिळते. १७ ते २३ सप्टेंबर हा राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स सप्ताह असतो. तेव्हा या विभागांत व्याख्यानं होतात. तिथे जा आणि ज्यांच्याशी फॉर्मवरून बोलणं झालंय त्यांना भेटा. अनोळखी सभागृहात व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरण्यापेक्षा हे शंभरपट सोपं.

आता नाव निघालं आणि फोन आला, तर काय? इथे हातातोंडाशी आलेल्या जागा जाताना मी पाहिल्या आहेत. साइटवर नवा माणूस कामाला हात लावण्याआधी त्याचं नाव डेलिगेशन लॉगवर, म्हणजे कुणाला कोणतं काम दिलंय त्या यादीवर, चढावं लागतं, आणि त्यासाठी सही-तारखेचा सी.व्ही. आणि जी.सी.पी.चं प्रमाणपत्र फाइलला लागतं. ज्याच्याकडे ते तयार असतं तो सोमवारी बसू शकतो. जी.सी.पी.चा कोर्स ऑनलाइन फुकट करता येतो, काही तासांचा असतो. नियमावली जानेवारी २०२५ मध्ये बदलून ई६ आर३ झाली आहे, तेव्हा जुन्या आर२ वरचा कोर्स उचलू नका. सी.व्ही. दोन पानी ठेवा, खाली सही करून तारीख घाला. कोल्ड चेन, नार्कोटिक्स रजिस्टर, एक्स्पायरी परतावा, ऑडिटला सामोरं जाणं हे पहिल्या पानावर यायला हवं. काउंटरची विक्री कितीही मोठी असली तरी ती इथे कामाची नाही.

या वाटेवर तुम्हाला एक प्रकारचे लोक न मागता भेटतील. 'सहा महिन्यांचा डिप्लोमा, शंभर टक्के प्लेसमेंट', फी साठ-सत्तर हजारांच्या घरात. सगळेच वाईट असतात असं नाही. पण पैसे भरण्याआधी तुमच्या यादीतल्या कोऑर्डिनेटरना विचारा की त्यांच्या साइटवर त्या संस्थेतून आलेलं कुणी आहे का. नकाशात वीस-पंचवीसच माणसं आहेत, उत्तर दोन दिवसांत मिळतं. आणि कुणी पैसे घेऊन 'अनुभवाचं पत्र' देतो म्हणाला तर तो नंबर ब्लॉक करा. पहिल्याच मुलाखतीत डेलिगेशन लॉग कोण भरतं असं विचारलं की ते पत्र उघडं पडतं, आणि इतक्या छोट्या गावात ते नाव मग सगळीकडे फिरतं.

पगाराचं आत्ताच बोललेलं बरं. नऊ वर्षांच्या सीनियर फार्मसिस्टला सुरुवातीच्या सी.आर.सी.चा पगार कमी वाटू शकतो. हा प्रश्न पहिल्या फोनवर नको. तिसऱ्या-चौथ्या संभाषणात, विश्वास बसल्यावर, "सुरुवातीला साधारण किती धरून चालू?" असं विचारा. आकडा घरी सांगा आणि वर्षभराचा हिशोब बसतोय का बघा. बसत नसेल तर नाशिकऐवजी पुणे-मुंबईच्या नोंदी काढून तोच नकाशा पुन्हा करावा लागेल, आणि मग घरभाडंही मोजावं लागेल.

आणि आज रात्री घरी गेलात की आपलं नेमणूकपत्र काढून नोटीस पीरियड किती आहे ते बघा. फोन आला की एस.एम.ओ.वाले दुसरा प्रश्न तोच विचारतात, "कधी जॉइन होऊ शकता?" त्यांना पंधरा दिवसांत माणूस हवा असतो आणि बऱ्याच हॉस्पिटलांत नोटीस महिन्याची, कुठे तीन महिन्यांची. पगार भरून ती कमी करता येते का, शिल्लक रजा त्यात वळती होते का, हे तुमच्या पत्रात लिहिलेलं असेल. उत्तर तयार ठेवा. 'विचारून सांगते' म्हटलं की ते यादीतल्या दुसऱ्या नावाला फोन लावतात.